पँगाँगचा मुक्काम कितव्या दिवशी?

लडाखची सहल ठरली की एजंटाकडून व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ येते. हॉटेलांचे फोटो, निळंशार पँगाँग, हुंदरच्या वाळूतले दोन मदारीचे उंट, आणि शेवटच्या पानावर गाइडची ओळख. गॉगल लावलेला हसरा फोटो आणि खाली चार ओळी. भाषा: लडाखी, हिंदी, इंग्रजी, थोडी मराठी. माहितीचा प्रदेश: संपूर्ण लडाख. गट: सर्व प्रकारचे. सुरक्षितता: ऑक्सिजन व प्रथमोपचार पेटी कायम सोबत. हॉटेलच्या बाथरूमला गीझर आहे का, हे आपण फोन करून विचारतो. हे पान मात्र बहुतेक जण वाचतही नाहीत. वाचलं तरी त्यातून हाती काही लागत नाही, कारण या चारही ओळी इतक्या गोल आहेत की त्या कुणालाही लागू पडतील.

आधी एक खुलासा करून घ्यायला हवा. ही ओळख नेमकी कुणाची आहे? ग्रुप टूरमध्ये मुंबई-पुण्याहून आपल्यासोबत येणारा टूर मॅनेजर वेगळा, लेहमध्ये भेटणारा स्थानिक गाइड वेगळा आणि गाडीचा ड्रायव्हर वेगळा. टूर मॅनेजर मराठी बोलतो, जेवणाखाण्याचं बघतो, हिशोब ठेवतो. तो गेल्या आठवड्यात कदाचित केरळला होता. छोट्या खासगी सहलींत तर स्थानिक गाइड नसतोच, लेहचा ड्रायव्हरच रस्ताभर माहिती सांगतो. त्यात काही वाईट नाही, अनेक ड्रायव्हरांना रस्त्याची जाण कुणाही गाइडपेक्षा जास्त असते. पण रात्री दोन वाजता कुणाला धाप लागली तर निर्णय कोण घेणार, त्याचं नाव त्या पानावर असलं पाहिजे.

हा प्रश्न लडाखमध्येच इतका टोकदार का होतो, तर उंचीमुळे. लेह साधारण 11,500 फुटांवर आहे. आपलं कळसूबाई 5,400 फूट, म्हणजे लेहच्या निम्म्याहून कमी. सकाळी समुद्रकाठच्या मुंबईतून निघालेला माणूस विमानाने काही तासांत तिथे उतरतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही तेवढंच असतं, पण हवेचा दाबच कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश भरतो. खार्दुंग लाच्या खिंडीत तो निम्म्यावर येतो. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. म्हणून विमानाने आलेल्यांनी लेहमध्ये निदान 48 तास थांबावं, असं तिथलं प्रशासन आणि डॉक्टर वारंवार सांगतात. थांबणं म्हणजे पहिल्या दिवशी खरोखर खोलीत पडून राहणं. सामान टाकून लगेच शांतिस्तूपाच्या पायऱ्या चढणं नव्हे.

आता उंचीच्या आजाराचा सगळ्यात महत्त्वाचा नियम. दिवसा तुम्ही किती उंच गेलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात, याला जास्त महत्त्व आहे. झोपेत श्वास मंदावतो आणि त्रास बहुधा रात्री वा पहाटे वाढतो. दहा हजार फुटांच्या वर गेलं की झोपण्याची उंची एका रात्रीत सुमारे 1,600 फुटांपेक्षा जास्त वाढू नये आणि मधूनमधून एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा गिर्यारोहणातला सर्वमान्य हिशोब आहे. म्हणूनच सुरक्षिततेची ओळ मी त्या शेवटच्या पानावर शोधत नाही. ती कार्यक्रमपत्रिकेत असते, मुक्कामांच्या क्रमात.

एक उदाहरण घेऊ. समजा पुण्याच्या तीन कुटुंबांचा 14 जणांचा गट आहे. सगळ्यात लहान मुलगी नऊ वर्षांची, सगळ्यात मोठे आजोबा 71 वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू. त्यांना आलेला कार्यक्रम बाजारात सर्रास मिळतो तोच: पहिला दिवस लेहमध्ये आराम, दुसऱ्या दिवशी जवळपासची ठिकाणं, तिसऱ्या दिवशी खार्दुंग ला ओलांडून नुब्रा खोऱ्यात मुक्काम, चौथ्या दिवशी श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँगला मुक्काम, पाचव्या दिवशी चांग लामार्गे लेह, सहाव्या दिवशी विमान.

पहिले तीन दिवस ठीक आहेत. खार्दुंग ला उंच आहे हे खरं, पण तिथे आपण झोपत नाही. पंधरा-वीस मिनिटं थांबून, फोटो काढून पलीकडे उतरतो. नुब्रातलं डिस्किट सुमारे 10,300 फुटांवर, म्हणजे लेहपेक्षाही खाली. त्या रात्री सगळ्यांना छान झोप लागते आणि गट समजतो, आपल्याला सवय झाली. गाडं अडतं चौथ्या दिवशी. पँगाँगचा काठ जवळपास 14,000 फुटांवर आहे. डिस्किटहून थेट तिथे जाऊन झोपायचं म्हणजे एका दिवसात साडेतीन हजार फुटांहून मोठी उडी. रस्त्यात एकही खिंड लागत नाही, नदीकाठचा सरळ रस्ता. त्यामुळे आपण इतकं चढलो हे कुणाला जाणवत नाही. रात्री तंबूत थंडी, वारा, आणि अकराच्या सुमाराला डोकं ठणकायला लागतं.

सरोवर वगळा म्हणावं तर कुणी ऐकत नाही. 2009 साली ‘3 इडियट्स’चा शेवट पँगाँगच्या काठावर चित्रित झालेला लोकांनी पाहिला आणि तेव्हापासून तिथे न जाता लडाखहून परतणं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबा न बघणं. जाणता गाइड म्हणूनच सरोवर वगळत नाही, मुक्काम हलवतो. पँगाँगच्या अलीकडे तांगत्से नावाचं गाव आहे, सुमारे 13,000 फुटांवर. आधी नुब्रा करून लेहला परत यायचं, एक रात्र तिथे काढायची, मग चांग लामार्गे तांगत्सेला झोपायचं. लेहपासूनची वाढ दीड हजार फुटांची, हिशोबात बसणारी. सकाळी लवकर निघालं की तासाभरात सरोवर. त्या वेळी पाणी शांत असतं, वारा उठायचा असतो आणि काठावर गर्दीही नसते. दुपारपर्यंत परतीच्या वाटेला लागायचं. याला एक दिवस जास्त लागतो, आणि ‘लेक-व्ह्यू टेंट’चा फोटो पीडीएफमध्ये टाकता येत नाही. म्हणून एजंटांना हा क्रम फारसा आवडत नाही.

तर गाइडला फोनवर पहिला प्रश्न हाच विचारावा: पँगाँगचा मुक्काम कितव्या दिवशी, आणि त्याच्या आदल्या रात्री आम्ही किती उंचीवर असू? ज्याला प्रदेश ठाऊक आहे तो आकडा पटकन सांगतो, आणि तुमच्यात ज्येष्ठ किती, मुलं किती, असा उलटा प्रश्नही विचारतो. ‘काही होत नाही सर, रोज शेकडो लोक जातात’ हे उत्तर आलं तर दुसरा गाइड बघावा. शेकडो लोक जातात हे खरंच आहे; त्यांतले कितीजण डोकं धरून रात्र काढतात, ते पीडीएफमध्ये येत नाही.

‘संपूर्ण लडाख’ या दुसऱ्या ओळीचंही तसंच. लडाख महाराष्ट्राच्या मापाने पाहिलं तर काही जिल्ह्यांएवढा पसारा आहे आणि त्याची खोरी एकमेकांपासून खिंडींनी तुटलेली आहेत. झंस्कारमध्ये वाढलेला माणूस चांगथांगच्या पठारावर पाहुणाच असतो. प्रदेश ठाऊक असणं म्हणजे गोंपाची नावं पाठ असणं नव्हे. उतरायची वाट माहीत असणं.

हे जरा नीट सांगतो, कारण पँगाँगला एक विचित्र पेच आहे. उंचीच्या आजारावर खरा उपाय एकच, खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहला जायचं तर मध्ये चांग ला लागते, साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. म्हणजे आधीच धाप लागलेल्या माणसाला खाली नेण्यासाठी आधी आणखी साडेतीन हजार फूट वर चढवायचं. नकाशावर लेह जवळ दिसतं म्हणून घाबरलेली माणसं रात्रीच चांग लाच्या दिशेने निघतात. जाणकार गाइड आधी तांगत्सेला आणतो: ते पँगाँगपेक्षा हजार फूट खाली आहे आणि तिथे आरोग्य केंद्र आहे. तिथे ऑक्सिजन लावून बघायचं, आणि तरी भागलं नाही तर चांग ला ओलांडून लेहच्या सोनम नोर्बू स्मारक रुग्णालयात जायचं की श्योकच्या काठाने खाली डिस्किटच्या रुग्णालयाकडे, हे ठरवायचं. श्योकची वाट खिंडीशिवाय उतरत जाते, हा तिचा मोठा फायदा. पण जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ वितळून नाले दुपारनंतर फुगतात, दरडी येतात आणि तो रस्ता बंदही असू शकतो. पँगाँगच्या वाटेवर ‘पागल नाला’ नावाचाच एक नाला आहे. सकाळी घोट्याएवढं पाणी आणि दुपारी गाडी अडकेल इतकं. आज श्योकचा रस्ता उघडा आहे का, हे गाइडला त्या संध्याकाळीच ठाऊक हवं, रात्री शोधून चालत नाही.

आकड्यांवरूनही माणूस कळतो. खार्दुंग लाच्या जुन्या पाटीवर 18,380 फूट असं लिहिलेलं असायचं आणि ‘जगातली सर्वांत उंच वाहतुकीची खिंड’ म्हणून लोक तिच्यापुढे फोटो काढायचे. प्रत्यक्ष मोजमापात ती 17,582 फूट निघते, आणि उंचीचा विक्रम 2021 साली चांगथांगमधल्या उमलिंग लाच्या रस्त्याकडे गेला, 19,024 फुटांवर. खरा आकडा सांगून पर्यटकांचा किंचित हिरमोड करणारा गाइड मला जास्त विश्वासाचा वाटतो.

भाषेच्या ओळीत आपण पटकन ‘थोडी मराठी’ शोधतो आणि खूश होतो. ‘काय पाहुणं, जेवला का?’ एवढी मराठी लेहच्या बाजारात पश्मिना विकणारेही बोलतात. ती गोड आहे, पण उपयोगाची भाषा दोन ठिकाणी लागते. एक म्हणजे आपल्या बाजूने. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी त्रास सांगत नाहीत. सगळ्यांची सहल आपल्यापायी बिघडायला नको, म्हणून आजी ‘काही नाही रे, जरा भूक नाही’ म्हणून ताट बाजूला सारतात. भूक मरणं, मळमळ, डोकेदुखी, झोप न लागणं ही उंचीच्या आजाराची पहिलीच लक्षणं आहेत. हिंदीत ‘सब ठीक?’ विचारलं की त्या ‘हां, ठीक’ म्हणणारच. म्हणून गटात मराठी बोलणारा गाइड नसेल, तर हे काम टूर मॅनेजरने किंवा घरच्याच एखाद्या सुनेने-मुलाने अंगावर घ्यायचं: रोज संध्याकाळी प्रत्येकाला वेगळं गाठून विचारायचं, आणि जेवणाच्या वेळी कोण किती जेवतंय ते बघायचं.

दुसरी भाषा लडाखच्या बाजूने. ‘लडाखी’ म्हटलं की काम झालं असं वाटतं, पण कारगिलकडे पुरगी बोलतात, आणि नुब्राच्या टोकाला, 1971च्या युद्धात भारताकडे आलेल्या तुर्तुकमध्ये बाल्टी. बंद नाल्यापाशी अडकलेल्या चार गाड्यांत पुढची गाडी कुणाची, गावात ट्रॅक्टर कुणाकडे आहे, आरोग्य केंद्राचा माणूस जेवायला घरी गेला असेल तर त्याचं घर कुठलं, हे विचारायला हिंदी चालते, पण गावची बोली लवकर चालते.

गटाच्या ओळीतलं ‘सर्व प्रकारचे’ मात्र सरळ खोडून टाकावं. कुठल्या गटाला त्याने शेवटचं नेलं आणि त्यात काय जड गेलं, ते विचारावं. मोटरसायकलवाल्या तरुणांच्या गटात गाइडचं डोकं वेगळ्या गोष्टींत गुंतलेलं असतं: शेवटची गाडी कोणाची, मागे बॅकअप गाडी किती अंतरावर, कुणी रात्री दारू प्यायलंय का. या पोरांना वाटतं आपण व्यायाम करतो, आपल्याला काय होणार. तंदुरुस्ती उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. उलट दमसास आहे म्हणून ती घाईने चढतात आणि आडवी होतात. ज्येष्ठांच्या गटाची अडचण अगदी वेगळी, आणि ती कुठल्याच पत्रिकेत लिहिलेली नसते: स्वच्छतागृह. खिंडीच्या रस्त्यावर ते सापडत नाही, सापडलं तर वापरवत नाही, म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. कोरड्या हवेत शरीर सुकतं आणि डोकं दुखायला लागतं. मग ते उंचीचं की पाण्याचं, हेही कळत नाही. ज्येष्ठांना नेहमी नेणाऱ्या गाइडला कुठल्या ढाब्यामागचं, कुठल्या लष्करी कॅफेचं स्वच्छतागृह बरं आहे हे पाठ असतं, आणि तो गाडी तिथेच चहाला थांबवतो. लहान मुलांचं आणखी वेगळं. नऊ वर्षांची मुलगी ‘डोकं दुखतंय’ असं नेमकं सांगेलच असं नाही. ती किरकिर करते, खेळत नाही, गाडीत झोपून राहते आणि आपण म्हणतो दमली.

आपल्या 14 जणांना एजंटाने एकच टेम्पो ट्रॅव्हलर दिला होता. सगळे एकत्र, गाणी, भेंड्या, आणि स्वस्तही. पण आजोबांना रात्री पँगाँगहून खाली न्यायचं झालं, तर ती एकच गाडी जाणार आणि उरलेले बारा जण सकाळी वाहनाशिवाय. मग होतं काय, तर सगळे ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणतात. त्या ‘बघू’त धोका वाढतो. दोन लहान गाड्या घेतल्या तर एक रात्रीच उतरू शकते. लेहमधल्या स्थानिक फिरण्यासाठी तिथल्याच टॅक्सी घ्याव्या लागतात, तेव्हा दोन गाड्यांची सोय आधीच सांगून ठेवायची.

राहिला ऑक्सिजन. ‘ऑक्सिजन सोबत’ यात दोन फार वेगळ्या वस्तू दडलेल्या असतात. दुकानात मिळणारा स्प्रेसारखा हलका डबा आणि लोखंडी सिलिंडर. डब्यात साधारण दहा लिटर वायू धरला आणि आजारी माणसाला मिनिटाला दोन लिटर द्यायचा म्हटलं, तर तो पाच मिनिटांत संपतो. आठ तासांची रात्र काढायला त्याच हिशोबाने 960 लिटर लागतात. म्हणून सिलिंडर किती लिटरचा, त्यावरचा काटा भरलेला दाखवतो का, रेग्युलेटर आणि मास्क जोडून पाहिलाय का, हे लेहमधून निघतानाच गाडीपाशी उभं राहून बघावं. पाना नसल्यामुळे सिलिंडर उघडता आला नाही, असलेही प्रकार होतात. आणि भरलेला सिलिंडर असला तरी तो वाट काढण्यापुरता. त्याच्या जिवावर माणसाला वरच ठेवायचं नसतं.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता घरोघरी आहे आणि तोच जास्त घोटाळा करतो. पुण्यात 97 दाखवणारं यंत्र लेहमध्ये 88 दाखवतं, आणि घरचे लोक घाबरतात. त्या उंचीवर हा आकडा अनेक निरोगी माणसांचा असतो. बोट थंड असलं किंवा नखाला नेलपॉलिश असलं तर तो आणखी घसरतो. बघायचं ते माणसाकडे. साध्या डोकेदुखीत विश्रांती घ्यायची, पाणी प्यायचं आणि आणखी वर जायचं नाही. पण बसल्या जागी धाप लागली, आडवं झाल्यावर खोकला वाढून छातीत घरघर ऐकू यायला लागली, तर फुप्फुसात पाणी भरतंय असं समजून त्याच रात्री उतरायचं. तसंच माणूस असंबद्ध बोलतोय, किंवा एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालता येत नाही, झोकांड्या जातात, तर मेंदूला सूज येत असल्याची शंका घ्यायची आणि थांबायचं नाही. ही चालण्याची चाचणी गाइडला माहीत आहे का, हे विचारायला हरकत नाही. डायमॉक्सची गोळी मात्र गाइडकडून घेऊ नये; ती घरून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायची, खास करून सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर. आणि झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी तर मुळीच नाही, तिने झोपेतला श्वास आणखी मंदावतो.

फोनचाही प्रश्न आहे. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं, तेही सगळीकडे नाही. प्रत्येक मुक्कामावर कुठल्या कंपनीची रेंज येते, हे गाइडने आधी सांगितलं तर निदान गटातल्या दोघांकडे तसं सिम असेल अशी व्यवस्था करता येते.

पैशांचं बोलणं आपण शेवटी, चाचरत करतो. या बाबतीत ते आधी करावं. पँगाँगच्या तंबूचे पैसे आगाऊ भरलेले असतात आणि ते बुडतील म्हणून माणसं वर जातात. खाली उतरायचं की नाही यात गाइडचा शब्द शेवटचा, जास्तीच्या गाडीचं भाडं कोण देणार, आणि न वापरलेल्या मुक्कामाचे पैसे परत मिळणार की नाही, एवढ्या तीन गोष्टी बुकिंगच्या वेळीच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्याव्यात. आजोबांच्या गोळीचं नाव आणि त्यांच्या डॉक्टरांचा नंबरही त्याच निरोपात टाकावा.